मदत हवी आहे: ट्रान्सपोर्टमधून बॉक्स कमी आले, काही भिजले. क्लेमचं पत्र कसं लिहायचं?

मिरजोळे_स्टोअर · ८ जुलै, संध्या. ६.१०
मंडळी, ट्रान्सपोर्टरला क्लेम लेटर द्यायचं आहे. बॉक्स कमी आलेत आणि काही भिजून वाया गेलेत. साहेबांना उद्या सकाळी टेबलावर पत्र हवंय. कोणाकडे मराठीत तयार फॉरमॅट असेल तर टाका, नाव-नंबर मी भरून घेतो. भिजलेल्या बॉक्सनी शेडमधली जागा अडवली आहे. भंगारवाला दोन दिवसांत येतोय, त्याला देऊन टाकले तर चालेल ना?

लोटे_स्टोअर्स · ६.२२
भंगारात अजिबात देऊ नका. आधी एवढं सांगा: किती नग बुक झाले, किती मिळाले, बॉक्समध्ये काय आहे, बुकिंगची तारीख काय, भाडं कोण देतं, विमा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी खाली करताना एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर, शेरा मारला का, आणि तो कुठल्या कॉपीवर?

कुडाळचो_झील · ६.३१
आमच्याकडे मोटरपंपाचे बॉक्स कुरिअरने आले होते, एकाचं हँडल तुटलेलं. कुरिअरच्या साइटवर फोटो टाकले, बारा दिवसांत पैसे जमा. तुम्ही पण साइटवर तक्रार टाका, पत्रबित्र कशाला?

मिरजोळे_स्टोअर · ६.४०
कुरिअर नाही हो दादा, ट्रक आहे. १२० बॉक्स लग कॅप, बाटल्यांची झाकणं. आंब्याचा गर आणि लोणच्याच्या बरण्यांना लागतात. २७ जूनला भिवंडीहून निघाले, ३ जुलैला इथे आले. ११३ मिळाले. ९ भिजलेले आणि २ फाटलेले. फॉरमॅट मिळेल का?

बिल्टीवाला · ६.५२
पाच दिवस झालेत. एलआरच्या पाठीमागे वाचा, तक्रार डिलिव्हरी घेताना किंवा सात दिवसांत लेखी करायची असते. त्याच्या पुढे ट्रान्सपोर्ट ऐकून घेत नाही. शिवाय पुढच्या बाजूला 'माल मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असतं. आणि पावसाला ट्रान्सपोर्टवाला काय करणार? जुलैमध्ये कशेडी आणि परशुराम घाट ओलांडून कोरडा बॉक्स रत्नागिरीत आला तर तेच नवल.

लोटे_स्टोअर्स · ७.०५
बिल्टीवाला, पाठीमागची छापील अट कायद्यापेक्षा मोठी नाही. रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस १८० दिवसांत पोचली पाहिजे, तरच पुढे दावा लावता येतो. लवकर द्यावी हे खरं, कारण जितका उशीर तितकी "माल तुमच्या गोडाऊनमध्ये भिजला" म्हणायला जागा. पण सात दिवस उलटले म्हणून हक्क बुडत नाही.

पावसाचं म्हणाल तर २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्याला दैवी आपत्ती म्हणता येईल. कोकणातला जुलैचा रोजचा पाऊस ही आपत्ती नव्हे, तो ठरलेलाच असतो. म्हणून तर ताडपत्री लागते.

मिरजोळे, शेऱ्याचं उत्तर राहिलं.

साखरपावाला · ७.१०
१८० दिवस माल मिळाल्यापासून ना? म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत आरामात.

लोटे_स्टोअर्स · ७.१४
नाही. बुकिंगच्या तारखेपासून. २७ जूनला बुक झाला म्हणजे २४ डिसेंबर. शिवाय त्या तारखेपर्यंत नोटीस त्यांच्या हातात पडलेली हवी, नुसती टपालात टाकून भागत नाही. "शोधतोय, शोधतोय" करत ट्रान्सपोर्टवाले महिने घालवतात आणि त्यात हे दिवस संपतात.

मिरजोळे_स्टोअर · ७.३०
शेरा आहे. '७ नग कमी' असं लिहिलंय, पण आमच्या कॉपीवर. ड्रायव्हरने माल पोचल्याची पोच म्हणून नेली त्या पीओडीवर आमच्या हमालांच्या मुकादमाने नुसती सही केली. मी तेव्हा जेवायला गेलो होतो. भिजल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. विम्याचं साहेबांना विचारतो. भाडं आम्ही देतो, महिन्याचं बिल येतं.

बिल्टीवाला · ७.३३
झालं मग. क्लीन पीओडी आहे. ब्रँच मॅनेजर ती कॉपी दाखवेल आणि विषय संपेल.

लोटे_स्टोअर्स · ७.५८
संपत नाही, पण अवघड होतो हे कबूल. सही म्हणजे नग मिळाल्याची पोच. आतला माल धड होता याचा तो अंतिम पुरावा नव्हे. मात्र आता बाकीच्या कागदांनी ती सही तोलून धरावी लागेल, आणि सगळे कागद त्याच दिवसाचे हवेत. गेटचं इनवर्ड रजिस्टर बघा, गाडी आत आली त्या नोंदीत ११३ लिहिलंय का? स्टोअरमध्ये माल जमा केल्याची जीआरएन कोणत्या तारखेची? मुकादमाची उतराईची चिठ्ठी आहे का? हमालीचे पैसे नगावर देता ना? मग हमालीचं व्हाउचर ११३ नगांचं असेल. ते व्हाउचर क्लेमसाठी लिहिलेलं नसतं, म्हणून त्याला वजन जास्त.

आणि आपल्या कॉपीवर आता मागाहून शाईने काहीही भरू नका. 'भिजले' हा शब्द आज लिहिला तर खरा शेरासुद्धा खोटा ठरेल.

आता जे भिजलेले नऊ आहेत ते जाऊन नीट बघा आणि इथे सांगा. पाण्याचा डाग बॉक्सला खालून वर चढलाय की वरून खाली उतरलाय? वरची टेप सुटली आहे की तळ बसलाय?

हापूस_आणि_फणस · ८.०५
पण झाकणं तर पत्र्याची ना? पुसून, उन्हात वाळवून वापरता येतील. लोणच्याला काय होतंय?

बरणीवाली · ८.१९
लोणच्याला तर मुळीच नको. लग कॅपच्या आतल्या कडेला मऊ लेपाची गोल पट्टी असते, बरणीला घट्ट बसते ती तीच. बॉक्सच्या ओल्या पुठ्ठ्याचा भुसा तिला चिकटला की हवाबंद बसत नाही, गर दोन महिन्यांत फसफसतो. आणि पत्र्याची कड जिथे आत वळवलेली असते तिथे लॅकर सगळ्यात पातळ असतं. पाणी त्या वळणात राहतं आणि तांबूस रेघ दिसायला लागते. मीठ आणि आंबट लागलं की ती रेघ पसरते. झाकण उलटं करून कडेला नख फिरवा, खरखरीत लागलं तर ते गेलं. खाण्याच्या मालाला असली झाकणं क्वालिटीवाले पास करणार नाहीत. तो रिजेक्शन रिपोर्टसुद्धा पत्राला जोडा.

मिरजोळे_स्टोअर · ८.४०
टॉर्च घेऊन बघून आलो. नऊच्या नऊ बॉक्सचा डाग खालून वर चढलाय, साधारण चार बोटं, आणि रेघ सगळ्यांना सारख्या उंचीवर आहे. वरची टेप कोरडी आहे. दोघांचा तळ बसलाय. कडेला तांबूस रेघ आहे, ताई म्हणतात तशीच. फाटलेल्या दोन बॉक्सवर तपकिरी टेपच्या वर पारदर्शक टेप मारलेली आहे.

लोटे_स्टोअर्स · ९.०२
हेच हवं होतं. ताडपत्री गळली असती तर वरच्या थराचे बॉक्स वरून आणि एका कडेने भिजले असते, आणि डाग वेडेवाकडे ओघळलेले दिसले असते. सगळ्यांना एकाच उंचीची सरळ रेघ येते ती बॉक्स साचलेल्या पाण्यात उभे राहिल्याने. म्हणजे मधल्या गोडाऊनची फरशी किंवा गाडीचा तळ. वाटेत माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरला असणार, त्याशिवाय भिवंडी ते रत्नागिरीला सहा दिवस लागत नाहीत. सात नगही बहुतेक तिथेच राहिलेत. एक मात्र बघा: तुमच्या शेडची जमीन कोरडी आहे हे दिसेल असा फोटो हवा, नाहीतर हीच रेघ तुमच्यावर उलटेल.

पारदर्शक टेप म्हणजे बॉक्स वाटेत उघडून पुन्हा चिकटवलाय. ते दोन बॉक्स न उघडता वजन करा. सोबत एक धड बॉक्सही वजन करा. मग दोन माणसांसमोर उघडून मोजा. फोटोत टेप, लेबल आणि काट्यावरचा आकडा एकत्र यायला हवेत.

कुडाळचो_झील · ९.०६
ता पत्र आधी धाड रे, बाकीचा मगे.

मिरजोळे_स्टोअर · ९ जुलै, सकाळी १०.१५
धड बॉक्स १२.१ किलो. फाटलेले ९.६ आणि १०.३. एका बॉक्समध्ये १,२०० झाकणं असायला हवीत, मोजली तेव्हा ९४० आणि १,०१० निघाली. दर २ रुपये ४० पैसे, जीएसटी १८ टक्के. भाडं एकूण ९,६०० रुपये. खरेदी एक्स-वर्क्स आहे, गाडी आम्हीच लावलेली. विमा आमचाच आहे, साहेब म्हणाले ओपन पॉलिसी आहे. साहेबांना पत्र दुपारी दिलं तरी चालेल.

सावंतवाडी_अकाउंट्स · १०.४०
विमा आहे तर विमा कंपनीला आत्ता कळवा, आधी मेल आणि मग फोन. सर्वेअर येईपर्यंत नऊ बॉक्स हलवू नका. ट्रान्सपोर्टरला नोटीस दिली नाही तर विमा कंपनीचा त्याच्याकडून वसूल करायचा हक्क जातो आणि ती तुमचा क्लेम कापते. म्हणजे विमा असला तरी हे पत्र द्यावंच लागतं.

जीएसटीचं: न आलेल्या मालाचं क्रेडिट घेता येत नाही, आणि वाया गेला म्हणून लिहून टाकलेल्या मालाचं घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे तो कर तुमच्या खिशातून गेला. म्हणून क्लेम करासकट मागा, नाहीतर ट्रान्सपोर्टर म्हणेल "कराचं तर तुम्हाला क्रेडिट मिळतं". क्रेडिट परत केल्याचा अकाउंट्सचा दाखला जोडा.

बिल्टीवाला · १०.५५
एवढं कशाला? महिन्याच्या बिलातून कापून घ्या. सगळे तेच करतात.

लोटे_स्टोअर्स · ११.०४
कापतात, आणि पुढची गाडी अडते. थकलेल्या भाड्यापोटी ट्रान्सपोर्टर माल धरून ठेवू शकतो, आणि ऐन हंगामात तुमच्या बरण्या त्याच्या गोडाऊनमध्ये पडल्या तर नुकसान तुमचंच. पत्रात 'बिलातून समायोजनाचा हक्क राखून ठेवतो' एवढं लिहा, परस्पर कापू नका.

बिल्टीवाला · ११.०८
मी पंधरा वर्षं बघतोय, न कापता पैसे आलेले मला माहीत नाहीत. पण असो.

लोटे_स्टोअर्स · ११.५०
हे घ्या पत्र. कंसातलं भरा.

प्रति,
[ट्रान्सपोर्ट कंपनी], नोंदणीकृत कार्यालय [एलआरवर छापलेला पत्ता]
प्रत: रत्नागिरी शाखा, [पुरवठादार], [विमा कंपनी]

विषय: एलआर क्र. [ ], दि. २७ जून, भिवंडी ते रत्नागिरी. ७ नग न मिळाल्याबद्दल व ११ नग खराब मिळाल्याबद्दल लेखी नोटीस व भरपाईची मागणी.

महोदय,
वरील एलआरने आपल्याकडे लग कॅपचे १२० बॉक्स वाहतुकीसाठी देण्यात आले. बीजक क्र. [ ]. गाडी क्र. [ ] आमच्या गेटवर ३ जुलै रोजी [वेळ] वाजता आली. त्या वेळी ११३ बॉक्स उतरले. ७ बॉक्स मिळालेले नाहीत. त्यांचे बॉक्स क्रमांक: [ ].

मिळालेल्यांपैकी ९ बॉक्स [क्रमांक] तळापासून सुमारे चार बोटे उंचीपर्यंत भिजलेले होते. सर्वांवर पाण्याची रेघ एकाच उंचीवर असून वरची टेप कोरडी आहे. आतील झाकणांच्या कडेला गंज आला असून आमच्या गुणवत्ता विभागाने ती नाकारली आहेत.

आणखी २ बॉक्स [क्रमांक] फाटलेले असून मूळ टेपवर वेगळी टेप लावलेली आढळली. धड बॉक्सचे वजन १२.१ किलो, या दोघांचे ९.६ व १०.३ किलो भरले. दोन साक्षीदारांसमोर मोजणी केली असता २६० व १९० झाकणे कमी निघाली.

उतराईच्या वेळी आपल्या चालकाने नेलेल्या प्रतीवर आमच्या मुकादमाची फक्त सही आहे. आमच्या प्रतीवरील शेरा, गेटची नोंद, जीआरएन व हमालीचे व्हाउचर यांत ११३ नगांचीच नोंद आहे. प्रती सोबत जोडल्या आहेत.

मागणी: न मिळालेले ७ बॉक्स रु. २०,१६०, भिजलेले ९ बॉक्स रु. २५,९२०, कमी निघालेली ४५० झाकणे रु. १,०८०, एकूण रु. ४७,१६०. त्यावर जीएसटी रु. ८,४८८.८०. न मिळालेल्या व निरुपयोगी १६ बॉक्सचे भाडे, दर बॉक्सला रु. ८० प्रमाणे, रु. १,२८०. एकंदर रु. ५६,९२८.८०. भिजलेला माल आमच्याकडे जपून ठेवला असून त्याच्या भंगाराचे जे येईल ते यातून वजा केले जाईल.

हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत आपला प्रतिनिधी संयुक्त पाहणीसाठी पाठवावा, कमी व खराब मालाचा दाखला द्यावा आणि १५ दिवसांत रक्कम अदा करावी. हे पत्र २००७ च्या कायद्याच्या कलम १६ खालील नोटीस समजावी. भाड्याच्या बिलातून समायोजनाचा व अन्य सर्व हक्क राखून ठेवत आहोत.

[सही], भांडार व्यवस्थापक

साखरपावाला · १२.१०
लाइन बंद राहिली, दोन दिवस माल पॅक झाला नाही, तेही घाला की. आणि रजिस्टर एडीनेच पाठवा.

लोटे_स्टोअर्स · १२.२४
लाइन बंद राहिल्याचं घालू नका. तो तोटा होणार हे बुकिंगच्या वेळी त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो आकडा बघून ते बाकीच्या ५६ हजारांवरसुद्धा वाद घालतात. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, म्हणून स्पीड पोस्टच करा, पोच मागून. त्याच दिवशी मेल करा. शाखेत एक प्रत हाती द्या आणि शिक्क्यासह तारीख घ्या.

मिरजोळे, एलआरवर माल पाठवणारा म्हणून पुरवठादाराचं नाव आहे. कायद्यात ट्रान्सपोर्टरची जबाबदारी मुख्यतः पाठवणाऱ्याकडे आहे. म्हणून पुरवठादाराकडून दोन ओळींचं अधिकारपत्र घ्या, की हा क्लेम माल घेणाऱ्याने करावा, आमची हरकत नाही. एक्स-वर्क्स असल्यामुळे ते सहज देतील.

सावंतवाडी_अकाउंट्स · १२.४०
मर्यादेचं कोणी बोललंच नाही. जास्त जोखमीचं भाडं भरलं नसेल तर नियमाप्रमाणे भाड्याच्या दहा पट इतकीच जबाबदारी येते. ९,६०० च्या दहा पट ९६,०००, म्हणजे ५६,९२८ त्यात बसतात.

बिल्टीवाला · १२.४७
पूर्ण भाड्याच्या नाही, खराब झालेल्या नगांच्या भाड्याच्या दहा पट. १,२८० च्या दहा पट १२,८००. आमच्याकडे हिशेब असाच होतो.

लोटे_स्टोअर्स · १२.५५
नियमात 'दिलेल्या किंवा देय भाड्याच्या दहा पट' आहे, नगागणिक वाटून असं कुठे लिहिलेलं नाही. ट्रान्सपोर्टवाले तसं मांडतात हे खरं. विमा कंपनीचे वकील दोन्ही बाजूंनी भांडताना पाहिलेत. पत्रात मर्यादेचा शब्दच काढू नका, पूर्ण मागा.

बिल्टीवाला · १.०२
मागा. मिळतील किती ते बघू.

हापूस_आणि_फणस · १.२०
कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटात अडकायला होत नाही म्हणतात, मग सहा दिवस कसे लागले?

मिरजोळे_स्टोअर · १४ जुलै, दुपारी ३.२५
पत्र ९ तारखेला गेलं, शाखेच्या शिक्क्याची प्रत मिळाली. काल सर्वेअर येऊन गेले. आज शाखेतून फोन आला, पनवेलच्या गोडाऊनमध्ये ४ बॉक्स सापडले, उद्याच्या गाडीने पाठवतो, पण आधी क्लेम मागे घेतल्याचं लिहून द्या म्हणतात. देऊ का?

लोटे_स्टोअर्स · ३.४१
देऊ नका. चार बॉक्स आले की उतरवायच्या आधी चारी बाजू आणि तळ बघा, वजन करा, आणि या वेळी ड्रायव्हरच्या कॉपीवर स्वतः शेरा लिहा: 'दि. २७ जूनच्या एलआरपैकी उशिरा मिळालेले ४ नग, उरलेल्या ३ नगांचा व खराब मालाचा क्लेम कायम.' त्याखाली ड्रायव्हरची सही घ्या. चारही धड निघाले तर ११,५२० आणि त्यावरचा कर नि ३२० भाडं वजा करून सुधारित मागणी ४३,०१५ रुपये २० पैसे अशी पाठवा, जुन्या पत्राचा संदर्भ देऊन. विमा कंपनीलाही कळवा.

पनवेलच्या गोडाऊनमध्ये सापडले हे त्यांच्याकडून मेलवर घ्या. माल मध्ये उतरवला होता, हे मग त्यांनीच लिहून दिल्यासारखं होईल.

मिरजोळे_स्टोअर · ३.५०
मेल मागितलाय. गाडी आली की मी स्वतः गेटवर उभा राहतो, जेवण मागाहून.